गणिताचा तास आला की पोटात गोळा का येतो? शाळेची भीती आणि विषयाची आवड यावर नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गणिताचं पुस्तक काढलं तरी मुलीचं पोट दुखतं. नाटक करते का ती?

बहुतेक वेळा नाही. पोट खरंच दुखत असतं. घाबरल्यावर छाती धडधडते, हात घामेजतात, पोटात गोळा येतो, आणि यातलं काहीच ती ठरवून करत नाही, त्यामुळे ठरवून थांबवूही शकत नाही. आता पुस्तकात घाबरण्यासारखं काय आहे, तर काहीच नाही, पण पुस्तक उघडल्यानंतर पुढे काय होतं हे तिच्या शरीराने शिकून घेतलंय आणि ते आधीच तयारीला लागतं. ह्या शिकण्याला क्लासिकल कंडिशनिंग म्हणतात, मराठी पाठ्यपुस्तकांत अभिजात अभिसंधान.

इव्हान पावलोव्ह हा रशियन शरीरशास्त्रज्ञ कुत्र्यांच्या पचनावर काम करत होता, 1904 चं नोबेल त्याला त्याच कामासाठी मिळालं. कुत्र्यांना तोंडात अन्न पडायच्या आधीच लाळ सुटते, अन्न आणणारा माणूस दिसला तरी सुटते, हे त्याने गांभीर्याने घेतलं आणि मग मेट्रोनोम नावाच्या ठोके देणाऱ्या यंत्राची टिकटिक आधी, अन्न मागून, असं परत परत करून पाहिलं. काही दिवसांनी नुसत्या टिकटिकीला लाळ. टिकटिक ही खूण झाली. तुमच्या मुलीसाठी गणिताचं पुस्तक तशीच खूण झालंय, फक्त मागून येणारी गोष्ट अन्न नाही.

शाळेत हे नक्की कसं घडतं? एकेक पायरी सांगा ना.

समजा पाचवीतली एक मुलगी आहे. चौथीपर्यंत गणित तिला ना आवडत होतं ना नावडत होतं. नवीन वर्षात टीचर तासाच्या सुरुवातीला पाच-दहा मिनिटं तोंडी गणितं घेतात, आधी म्हणतात "वह्या बंद करा", मग कुणाचंही नाव घेतात, उभं राहायचं आणि लगेच उत्तर द्यायचं. तिचं नाव आलं, सात आठे किती यात अडकली, वर्ग हसला, टीचर म्हणाल्या "एवढं पण येत नाही?" आणि ती मान खाली घालून बसली.

इथे दुखावणारी गोष्ट कुठली ते नीट बघा. सगळ्यांसमोर हसू होणं, टोमणा बसणं, याने वाईट वाटायला गणित यावं लागत नाही. नाव पुकारणं मात्र एरवी साधी गोष्ट आहे. पण नाव, मग अडकणं, मग हसू असं चार-सहा वेळा झालं की नाव ऐकल्याबरोबरच छाती धडधडायला लागते, अजून कुणी हसलेलंही नसतं.

इथून पुढचं आईबाबांच्या सहसा लक्षात येत नाही: भीती मागे मागे सरकते. नावाच्या आधी नेहमी "वह्या बंद करा" येतं, म्हणून ते वाक्य खूण होतं. त्याच्या आधी मागचा तास संपल्याची घंटा, तीही खूण होते. मग ज्या दिवशी गणित पहिल्या तासाला असतं त्या दिवसाची सकाळ. मग आदल्या रात्री दप्तर भरणं. दप्तर भरताना कुणी कधीच तिच्यावर हसलेलं नाही, तरी पोट तेव्हाच दुखायला लागतं, कारण एक खूण पक्की झाली की तिच्या आधी येणारी गोष्ट तिच्याच जोरावर खूण बनू शकते.

शिवाय ती आडवीही पसरते. विज्ञानात आकडेमोड आली की तिथे पण हात थंड पडतात. 1920 मध्ये वॉटसन आणि रेनर यांनी एका लहान बाळाला पांढरा उंदीर दाखवायचा आणि मागे लोखंडी सळईवर हातोडा मारायचा असं केलं होतं, तेव्हा ते बाळ नंतर ससा आणि फरच्या कोटालाही बिचकलं. (तो प्रयोग क्रूर होता, एकाच बाळावर होता आणि ती भीती नंतर घालवलीही नाही, त्यामुळे त्यावर फार इमले बांधू नयेत. पण मिळत्याजुळत्या गोष्टींकडे भीती पसरते हे नंतर कितीतरी व्यवस्थित प्रयोगांत दिसलंय.)

पण ती आता पाढे सुद्धा विसरलीये जे आधी येत होते. हे कंडिशनिंगमुळे होतं?

हो, होऊ शकतं. 27 अधिक 38 तोंडी करताना हातचा एक डोक्यात धरून ठेवावा लागतो, आणि डोक्यातली ती जागा फार छोटी असते. भीती आणि "आता हसतील" हा विचार त्याच जागेत येऊन बसतात. अॅशक्राफ्ट आणि कर्क यांनी 2001 मध्ये दाखवलं की गणिताची चिंता जास्त असलेले लोक नेमके हातच्याच्या गणितांत, आणि त्यातही एकीकडे दुसरं काही लक्षात ठेवायला सांगितलं की, जास्त ढेपाळतात. म्हणजे येत असलेलं पण अडकतं, अडकलं की पुन्हा हसू, हसू झालं की खूण अजून पक्की. हे चक्र स्वतःच स्वतःला खाऊ घालतं, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटतं हिला गणित जमतच नाही.

टीचर तर कधीतरीच ओरडतात, रोज नाही. मग एवढी भीती कशी?

हा मला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न वाटतो, आणि इथेच बहुतेक लोकांची समज अर्धवट असते. लोकांना वाटतं की दोन गोष्टी किती वेळा एकत्र आल्या यावर सगळं ठरतं. 1968 मध्ये रॉबर्ट रेस्कोर्ला याने उंदरांवर हे तपासलं. उंदरांना आवाज ऐकवायचा आणि मधूनमधून सौम्य शॉक द्यायचा. आवाज चालू असताना शॉक बसण्याची शक्यता सगळ्या गटांत सारखीच ठेवली, पण काही गटांत आवाज नसतानाही शॉक तितकेच बसत होते. आता जोड्या तितक्याच जुळल्या होत्या, तरी ह्या उंदरांना आवाजाची भीती बसली नाही, कारण आवाजातून नवीन काही कळतच नव्हतं. जिथे आवाजामुळे "आता शॉक" हे कळत होतं तिथे भीती बसली.

म्हणजे शिकलं जातं ते "कशावरून काय कळतं" हे. आता हे वर्गात आणा. एक टीचर कडक आहेत पण ठरलेल्या गोष्टीवरच रागावतात, होमवर्क नसला की रागावणार, असला की नाही. ह्या वर्गात मूल होमवर्क न झालेल्या दिवशी घाबरतं आणि बाकीचे दिवस निवांत असतं. दुसऱ्या टीचर एरवी गोड आहेत पण कधी, कशावर, कुणावर भडकतील याचा नेम नाही. इथे एकही खूण भरवशाची नाही, आणि धोक्याची खूण नसली की सुरक्षिततेची पण खूण राहत नाही, मग वर्गाची खोली, टीचरांचा आवाज, सगळा तासच खूण होतो. दुसऱ्या टीचर महिन्यात मोजून दोनदाच ओरडल्या असतील पण मूल रोज ताठलेलं असतं. म्हणून "कधीतरीच ओरडतात" हे ऐकून मला हायसं वाटत नाही, मी विचारते की कधी ओरडणार हे मुलांना आधी कळतं का.

एकाच वर्गात चाळीस मुलं, मग माझ्याच मुलाला का?

त्याआधीचं गणिताशी नातं कसं होतं यावर बरंच अवलंबून असतं. लुबो आणि मूर यांनी 1959 मध्ये मेंढ्या आणि शेळ्यांवर दाखवलं की एखादी गोष्ट आधी पुष्कळ वेळा काही न होता भेटलेली असेल तर ती नंतर खूण बनायला जास्त वेळ लागतो. ज्या मुलाने घरी आकड्यांशी दोन-तीन वर्षं आरामात खेळून घेतलंय त्याला एक टोमणा बसला तर तो टोमणा टोमणाच राहतो, आकडे खराब होत नाहीत. ज्याची गणिताशी पहिली मोठी ओळखच हसण्यासोबत झाली त्याच्याकडे समोर ठेवायला दुसरं काही नसतं.

आणि हो, स्वतःवर काही न बेतताही भीती बसते. मिनेका आणि कुक यांच्या प्रयोगांत प्रयोगशाळेत वाढलेली माकडं सापाला घाबरत नव्हती, पण घाबरणाऱ्या माकडांना पाहिल्यावर घाबरायला लागली. त्यामुळे शेजारच्या बाकावरच्या मुलाला रोज झापलेलं पाहणारं मूल सुद्धा शिकतच असतं. घरी "मला पण गणित कधी जमलं नाही बाई" म्हणत वही लांब सरकवणारी आई दिसली तरी.

मग नक्की खूण कुठली हे ओळखायचं कसं?

"गणिताची भीती" हे फार मोठं गाठोडं आहे, आधी ते उलगडा. घरी एकटीला, घड्याळ न लावता, तीच गणितं लिहून करायला द्या. नीट केली तर आकड्यांची भीती नाहीये. मग दुसऱ्या दिवशी तशीच गणितं, पण समोर टायमर ठेवून. मग तोंडी. मग तोंडी आणि घरातली अजून दोन माणसं ऐकतायत. कुठल्या पायरीला हात थांबतो, ओठ चावले जातात, "पाणी पिऊन येते" सुरू होतं, ते पाहा. वर सांगितलेल्या पाचवीतल्या मुलीच्या बाबतीत ते बहुतेक "तोंडी आणि लोक ऐकतायत" इथे होईल, कारण मूळ जोडी तिथली आहे.

प्रत्यक्ष गणित करताना कमी आणि आधी जास्त त्रास होतो का, तेही बघा. लायन्स आणि बायलॉक यांच्या 2012 च्या मेंदूच्या स्कॅनच्या अभ्यासात जास्त गणित-चिंता असलेल्यांच्या मेंदूत वेदनेशी संबंधित भाग गणित येणार आहे हे कळल्यावर जागे होत होते, गणित करताना नाही. खुणेवर चालणाऱ्या भीतीचं हे अगदी ओळखीचं रूप आहे.

आणि उलट दिसलं तर ते मान्य करा. शांतपणे, एकटं, वेळ देऊनही आकड्यांत गोंधळ होतोय, लहान-मोठी संख्याच कळत नाहीये, तर तो प्रश्न समजण्याचा आहे, कदाचित डिसकॅल्क्युलियाचा, म्हणजे आकडे समजण्यातल्याच अडचणीचा, आणि त्याला वेगळी तपासणी लागते. फक्त शाळेच्या बसचं किंवा मधल्या सुट्टीचं नाव काढलं की गप्प होत असेल तर कुणीतरी त्रास देतंय का ते आधी शोधा. तिथे भीती घालवायची नसते, त्रास थांबवायचा असतो.

फार रडली म्हणून दोन-तीन वेळा गणिताच्या दिवशी घरी ठेवलं. चुकलं का?

असं वाटणं साहजिक आहे, रडणारं लेकरू बघवत नाही. पण त्या क्षणी काय शिकलं जातं ते पाहू. "आज नको जाऊ" म्हटल्याबरोबर पोटाचा गोळा विरघळतो, आणि ही सुटका इतकी छान वाटते की पुढच्या वेळी टाळायची ओढ वाढते. मॉवररने 1947 मध्ये हे दोन भागांत मांडलं: भीती बसते ती खुणेमुळे, आणि टिकते ती टाळण्यातून मिळणाऱ्या सुटकेमुळे. आणि टाळलं की तिला हे कधी कळतच नाही की आज कदाचित कुणी हसलंच नसतं. जुना अंदाज खोटा ठरायची संधीच जाते.

टाळणं नेहमी घरी राहण्याइतकं ठळक नसतं. तासाला टॉयलेटला जाणं, उंच मुलाच्या मागे बसणं, उत्तर येत असून "येत नाही" म्हणून पटकन खाली बसणं, हे सगळं टाळणंच. शेवटचं तर टीचरांना आळस वाटतं.

पण, आणि हे मला जोर देऊन सांगायचंय, मुलीला शाळेत पाठवा म्हणजे त्याच टोमण्यांत परत ढकला असं नाही. मागून येणारी गोष्ट तशीच राहिली तर प्रत्येक दिवस ही भीती अजून पक्की करणारा दिवस आहे. आधी टीचरांशी बोलून ते थांबवा, मग पाठवा.

मोठी सुट्टी लागली की विसरेल ना?

नाही. सुट्टीत भीती दिसत नाही कारण खूणच समोर येत नाही. नुसत्या वेळाने ही शिकवण पुसली जात नाही.

मग घालवायची कशी?

खूण येते पण वाईट काही होत नाही, हे परत परत घडावं लागतं. याला विलोपन म्हणतात. आणि जमलं तर त्या खुणेमागे काहीतरी चांगलं यावं. मेरी कव्हर जोन्स यांनी 1924 मध्ये पीटर नावाच्या तीन वर्षांच्या आतल्या मुलावर हे केलं. तो सशाला घाबरायचा. तो आवडीचं खात असताना ससा पिंजऱ्यात, खोलीच्या लांबच्या टोकाला ठेवायचा, आणि दिवसागणिक तो खात राहील इतकाच जवळ आणायचा. न घाबरणारी मुलंही सोबत खेळायला असायची. मधे पीटर आजारी पडला, हॉस्पिटलमध्ये राहिला, आणि परत येताना एक मोठा कुत्रा अंगावर आला, तर सशाची भीती जवळजवळ पहिल्यासारखी परत आली. जोन्स यांनी पुन्हा तीच पद्धत चालू ठेवली आणि शेवटी ससा त्याची बोटं कुरतडत होता तरी तो मजेत होता.

आपल्या पाचवीतल्या मुलीसाठी हे असं दिसेल. पहिला आठवडा टीचर तिला नाव घेऊन उभं करणार नाहीत, पाटीवर किंवा कागदावर सगळा वर्ग एकदम उत्तर लिहून वर धरेल. मग बाकावर बसूनच, शेजारणीशी बोलून, जोडीने उत्तर. मग नाव घेतील पण प्रश्न काय येणार हे तिला आधी माहीत असेल, आणि उत्तर आल्यावर एक साधं "बरोबर" म्हणून पुढे जातील, फार कौतुकाचा गजर नको, सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळणं हीच तिची अडचण आहे. मग न सांगितलेला प्रश्न, पण विचार करायला दहा सेकंद. मग कधीतरी चूक होईल, आणि ती चूक झाल्यावर काही वाईट होत नाही हे तिला दिसणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं, कारण तिची भीती नेमकी त्याच अंदाजावर उभी आहे. "चुकलं, बरं, कसं केलंस सांग" एवढंच.

पुढची पायरी कधी? आधीच्या पायरीला ती सैल बसलेली दिसते तेव्हा. दात आवळून कसंबसं पार पाडणं म्हणजे सैल नाही.

घरी छान प्रॅक्टिस झाली, शाळेत परत तेच. असं का?

कारण विलोपनात जुनी शिकवण पुसत नाही, तिच्या शेजारी नवीन शिकवण तयार होते, आणि ही नवीन शिकवण जागेला जास्त चिकटून असते. मार्क बाउटन यांचं अनेक वर्षांचं काम यावरच आहे. घरच्या टेबलावर "इथे काही होत नाही" हे ती शिकली, वर्गातल्या बाकाबद्दल तिचं शरीर काहीच शिकलेलं नाही. म्हणून सराव त्याच खोलीत, जमलं तर आधी रिकाम्या वर्गात टीचरांसोबत, मग दोन मैत्रिणींसमोर, मग सगळ्यांसमोर, असा न्यावा लागतो. एकाच लाडक्या टीचरसमोर बरी झालेली मुलगी बदली टीचर आल्या की पुन्हा गोठते, तेही ह्याच कारणाने, म्हणून दोन-तीन वेगळ्या मोठ्यांसमोर सराव झालेला बरा.

तिला समजावून सांगितलं तर होणार नाही का?

थोडं होतं. माणसांत सांगण्याने अंदाज बदलतो, "या आठवड्यात तुझं नाव घेणार नाहीत" हे खरं असेल तर खूप हलकं वाटतं. पण ते खरंच असायला हवं. एकदा सांगून मोडलं की तुमचा शब्द हीच एक बिनभरवशाची खूण होते. "घाबरण्यासारखं काही नाही" मात्र फारसं कामाचं नाही, तिच्या अनुभवाने ते खोटं आहे.

आवड पण अशीच लागते का?

बऱ्याच अंशी हो, पण यंत्रणा जराशी वेगळी आहे. आवडत्या गोष्टीसोबत सतत आलेली गोष्ट आवडायला लागते, मार्टिन आणि लेव्ही यांनी 1970 च्या दशकात चित्रांच्या जोड्या दाखवून यावर काम केलं. भीतीत अंदाज महत्त्वाचा, आवडीत नुसती संगतही पुरते असं बऱ्याच प्रयोगांत दिसतं. आणि ही आवड-नावड खूण एकटी आली तरी भीतीइतकी सहज ओसरत नाही. म्हणून एखाद्या लाडक्या सरांमुळे लागलेली इतिहासाची गोडी सर गेल्यावरही राहू शकते, आणि भीती गेली तरी "मला नाही आवडत गणित" मात्र मागे उरतं. भीती कमी झाली म्हणजे आवड आपोआप येईल असं धरून चालू नका, त्यासाठी विषयाशी चांगल्या गोष्टींची वेगळी संगत लागते, आवडत्या माणसाशेजारी बसून सोडवलेलं कोडं, अडकलेलं सुटल्याचा आनंद, असं काही.

गणित केलं की चॉकलेट, असं चालेल?

सुरुवातीला ठीक, पण क्रम सांभाळा. विषय आधी, चांगलं मागून किंवा सोबत. आपल्या घरात बहुतेक वेळा उलटं चालतं: खेळ रंगात आलाय, "बास, आता गणित काढ". म्हणजे रोज गणिताची वही ही मजा संपल्याची खूण. आणि शिक्षा म्हणून जादा गणितं किंवा शंभर वेळा लिहिणं तर कृपा करून देऊ नका. ज्या गोष्टीची आवड लावायची तिलाच आपण छडी बनवतो.

बरं होतंय हे कशावरून कळेल? आणि परत उलटलं तर?

मार्कांवरून लगेच कळणार नाही. भीती मागे सरकत गेली होती, ती बऱ्याचदा लांबच्या खुणांवरून आधी विरते. दप्तर भरताना कुरकुर कमी होते, मग सकाळचं पोट थांबतं, "वह्या बंद करा" ला होणारी धडधड मात्र बरेच दिवस राहते. दोन ओळींची नोंद ठेवा: पोट कधी दुखलं आणि त्याच्या लगेच आधी काय झालं.

सुट्टीनंतर पहिल्या आठवड्यात भीती पुन्हा डोकं वर काढेल, पावलोव्हलाही हे दिसलं होतं, मधे वेळ गेला की विझलेला प्रतिसाद आपोआप परत येतो, फक्त पहिल्यापेक्षा बारीक. एखादा नवा अपमान झाला तर पीटरसारखी पूर्ण परत येऊ शकते. दोन्ही वेळा दोन पायऱ्या खाली उतरून तिथून पुन्हा सुरू करा, दुसऱ्यांदा सहसा कमी दिवस लागतात. पण खाणं-झोप बिघडलीये, शाळेत जाणंच आठवडाभर बंद झालंय, किंवा पायऱ्या नीट करूनही महिनाभरात पोट तेवढंच दुखतंय, तर आधी डॉक्टरांकडून पोट तपासून घ्या आणि मग मुलांसोबत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञाकडे ती नोंदवही घेऊन जा, पहिल्या भेटीत त्यांना तीच सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.